‘तर…’च्या पुढचं

जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या किरिहामात थंडी सुरू झाली की सकाळी नदीवरून धुकं खाली येतं. डोंगरातून निघतं, पाण्याच्या अंगाअंगाने वाहत येतं आणि पुलाखालून समुद्रात शिरतं. त्या दिवशी ते इतकं दाट होतं, की पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरून खालचा रस्ताच दिसेना. मधूनच एखादं सायकलचं चाक किंवा कुणाची टोपी दिसायची आणि विरून जायची. अशा सकाळी कामाला बसले तरी मला आपण अजून अंथरुणातच आहोत असं वाटत राहतं.

माझं काम कचऱ्याचं. म्हणजे कचऱ्याबद्दलच्या प्रश्नांचं. कपाट, गादी, सायकल असलं मोठं काही टाकायचं तर आधी नोंदवावं लागतं, वस्तूवर चिठ्ठी चिकटवावी लागते आणि ठरलेल्या सकाळी ती दाराबाहेर ठेवावी लागते. फोन करायला आमच्या लोकांना संकोच वाटतो. समोरच्याला त्रास होईल, ही भीती आमच्या हाडातच आहे. म्हणून पालिकेने लिहून विचारायची सोय काढली. लोक आपल्या फोनवर लिहितात, आणि इकडे पडद्यावर नुकागा किकुए, म्हणजे मी, उत्तर देते. त्याआधी कितीतरी वर्षं मी सहलीच्या बसमध्ये माईक घेऊन बोलत होते. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, हे आधीच सांगून टाकते.

तर त्या सकाळी पडद्यावर आलं:

‘अं…’

बस्स, एवढंच. खाली तीन ठिपके हलत होते, म्हणजे कुणीतरी लिहीत होतं. ठिपके थांबले, पुन्हा हलले, पुन्हा थांबले. पलीकडे कुणीतरी वाक्य लिहून खोडत होतं.

खरं सांगते, मला या ‘अं…’चा भारी राग यायचा. अरे बाबा, गादी आहे की फ्रिज आहे ते बोल ना! शेजारच्या टेबलावर आमचे साहेब, सेरिझावा-सान, जवाचा चहा फुंकत बसले होते. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं.

“आलं वाटतं एखादं?” ते म्हणाले.

“आलंय. नुसतं ‘अं’. आता मी काय त्या ‘अं’ची नोंद करू? रुंदी किती, उंची किती?”

“नुकागा-सान, पाहुणा दारात वाकून बूट काढत असतो तेव्हा ‘काय काम काढलंत’ असं विचारत नाहीत. येऊ द्या की आत.”

“तुम्ही द्या येऊ. माझ्या पडद्यावर आणखी दोघांच्या खिडक्या उघड्या आहेत.”

आणि मी नेहमीचंच केलं. तयार उत्तराचं बटण दाबलं: ‘नमस्कार. मोठा कचरा नोंदवायचा आहे का?’

ठिपके हलले. मग उत्तर आलं: ‘हो. तसंच असेल.’

‘तसंच असेल’ म्हणजे काय? तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण मी खूश! गाडी रुळावर आली म्हणायचं. वस्तू कोणती विचारलं, तर ‘खुर्ची’. लाकडी का, तर ‘हो’. नाव इसोबे मित्सुए, पत्ता नदीकाठच्या जुन्या वस्तीतला. पुढच्या आठवड्यात चालेल का, तर ‘हो, चालेल’. ‘त्रास देते, माफ करा’ हे दर वाक्यामागे होतंच. मी पटापट भरत गेले आणि शेवटी नोंद पक्की करायला गेले, तर पडद्यावर लाल पट्टी आली. याच पत्त्यावरून याच नावाने एक लाकडी खुर्ची आज सकाळीच उचलली होती.

“दोन खुर्च्या असतील,” मी पुटपुटले.

सेरिझावा-सान कप ठेवून माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी वरपासून सगळं वाचलं. मग म्हणाले, “दुसरी खुर्ची आहे असं त्यांनी कुठे लिहिलंय?”

“मी विचारलं, त्या हो म्हणाल्या.”

“तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणाल्या. तुम्ही ‘हत्ती टाकायचाय का’ विचारलं असतंत तरी म्हणाल्या असत्या. समोरच्याने इतक्या तत्परतेने काहीतरी पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं? आपल्या माणसांना जमतं का ते?”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. माझी आई अशीच होती. दुकानदाराने चुकीच्या मापाच्या चपला काढल्या तरी ‘याच हव्या होत्या’ म्हणून घेऊन यायची आणि आयुष्यभर टाचा सोलून घ्यायची. ही बाई न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन, वर माझेच आभार मानून निघून चालली होती.

मी नोंद पुसली. यावेळी तयार बटण नाही, हाताने लिहिलं: ‘इसोबे-सान, माझी घाई झाली. मी माझंच पुढे रेटलं. नोंद काढून टाकली आहे. तुम्ही लिहा, तुकड्या-तुकड्याने लिहिलंत तरी चालेल. मी इथेच आहे.’

“आता?” मी विचारलं.

“आता हात मांडीवर,” सेरिझावा-सान म्हणाले. “दुसरं काही पाठवू नका. तुम्ही लिहायला लागलात की त्यांच्या पडद्यावरही ठिपके हलतात. मग त्या थांबतात, तुम्हाला वाट देतात.”

हे मला ठाऊकच नव्हतं! इतके दिवस मी पलीकडच्याला मदत म्हणून वाक्यं जुळवत बसायचे, आणि माझे ठिपके बघून ती माणसं आपलं बोलणं गिळत होती.

मी हात मांडीवर ठेवले. धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. खोलीतले दिवे त्यात उमटून बाहेर आणखी एक खोली असल्यासारखी दिसत होती. तिथेही एक बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला, तो अगदी कानाशी वाजल्यासारखा आला. आमची पडद्यावरची खिडकी थोडा वेळ शांत राहिली की आपोआप ‘आणखी काही मदत हवी का?’ विचारते आणि मग बंद होते, वर ‘किती तारे द्याल’ असंही विचारते, मेली. ती बंद पडू नये म्हणून ‘थांबा’चं बटण मी अधूनमधून दाबत होते. त्या बटणाचा पलीकडे पत्ता लागत नाही.

मग एक शब्द आला. ‘खुर्ची.’

काही वेळाने: ‘सकाळी नेली.’

मी फक्त त्यांचंच त्यांना परत दिलं: ‘खुर्ची सकाळी नेली. हं.’

सेरिझावा-सानांनी मान डोलावली, म्हणजे बरोबर असावं. खरं तर ‘का टाकली’, ‘मग आता काय’, ‘चूक झाली का’ असे चार प्रश्न माझ्या बोटांशी येऊन उभे होते. बसमध्ये असते तर चारही विचारून मोकळी झाले असते. पण ज्याला एक वाक्य जुळवता येत नाही, त्याच्यापुढे चार प्रश्न टाकले की तो चौघांचीही माफी मागतो आणि जातो.

‘यजमान,’ आलं. मग: ‘उभे आहेत.’

मी पडद्यापुढे वाकले.

‘यजमान उभे आहेत,’ मी लिहिलं. आणि मग एकच सोपा प्रश्न विचारला, ज्याला ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही असा: ‘कुठे?’

त्यानंतर ते आलं, तुकड्या-तुकड्याने, मध्ये लांबलांब पोकळ्या ठेवून. तिचा नवरा सेइगो. पूर्वी बोटीवर होता. गेली काही वर्षं त्याच्या आठवणीचे धागे सुटत चालले होते. दिवसभर तो खिडकीपाशी त्या खुर्चीत बसून नदीकडे बघायचा. खुर्चीचा एक पाय डुगडुगायला लागला होता. तो पडेल म्हणून तिने नवी आणली, चांगली, हात असलेली. जुनी टाकायची नोंद केली आणि आज तो उठायच्या आत दाराबाहेर ठेवली. गाडी आली, धुक्यात खुर्ची घेऊन गेली. सेइगो उठला, खिडकीपाशी आला आणि जुन्या खुर्चीच्या जागी उभा राहिला. नवी पुढे केली तर बाजूला सरकला, पुन्हा त्याच जागी आला. जेवेना, बसेना. गुडघे थरथरत होते.

‘पडले तर मला उचलता यायचं नाही,’ तिने लिहिलं. तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

“परत हवीय तिला खुर्ची!” मी ओरडलेच. “सेरिझावा-सान, परत हवीय. पण हे विचारायचं कसं? आपणच टाकलेली वस्तू पालिकेकडून परत मागायची! बिचारी मरेल लाजेने.”

“मग यार्डात विचारा,” ते म्हणाले. “तिला काही कबूल करायच्या आधी.”

नदीच्या मुखाशी आमचं यार्ड आहे. तिथे लाकूड वेगळं काढतात आणि दळणाऱ्या यंत्रात टाकतात. तिथला हाचिया म्हणजे एक वल्ली. फोन उचलून ‘हां’ एवढंच म्हणतो.

“हाचिया-सान, आज नदीकाठच्या वस्तीतून एक लाकडी खुर्ची आलीय. दळू नका.”

“का?”

“मालकिणीला परत हवी असेल.”

“असेल? म्हणजे तिने मागितली नाही?”

“अजून नाही. पण मला कळतंय ना.”

“नुकागा-सान, तुम्हाला कळतं ते मला चालत नाही,” तो म्हणाला. त्याच्या मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. “मागच्या वर्षी तुम्हीच कुणाच्या तरी सासूचा पलंग ‘परत हवाय’ म्हणून धाडायला लावलंत. सून दारात रडत होती, आठवतंय? टाकणाऱ्याने स्वतः तोंडाने मागायला हवं. बाजूला काढून ठेवतो. जेवणाची सुट्टी संपली की यंत्र पुन्हा लावीन. तोवर तिचं तिला बोलू दे.”

गाढव आहे, पण खोटं काय बोलला? अडचण नेमकी हीच होती. ‘खुर्ची परत हवी का?’ असं मी विचारलं असतं तर ती ‘हो’ म्हणाली असती. पण ही बाई कशालाही ‘हो’ म्हणत होती. मला तिचं ‘हो’ नको होतं, तिचं स्वतःचं वाक्य हवं होतं. आणि तिकडे म्हाताऱ्याचे गुडघे थरथरत होते. तो पडला असता तर?

“प्रश्न विचारूच नका,” सेरिझावा-सान म्हणाले. “माहिती द्या. टेबलावर ठेवा आणि मागे सरा. उचलायची तर उचलतील.”

मी लिहिलं: ‘नुसतं कानावर घालते. खुर्ची यार्डात आहे, बाजूला ठेवलेली. दुपारपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही. तोवर टाकणाऱ्याने मागितलं तर परत मिळते. नको असेल तर तेही नेहमीचंच आहे, कुणालाही वाईट वाटत नाही.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. नाही म्हणायलाही दार उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर हो म्हणण्यात राम नाही.

ठिपके हलले. थांबले. धुक्यातून सूर्य एखाद्या फिकट बिस्किटासारखा दिसायला लागला. मी बसल्या जागी त्या घरात होते म्हटलं तरी चालेल. ती खिडकी, ती नदी, पाठमोरा उभा म्हातारा, आणि त्याच्यामागे फोन घेतलेली ती. मला त्या घराचा वाससुद्धा येत होता, चटईचा आणि गार झालेल्या भाताचा. मी कधीच गेले नव्हते तिथे.

‘खुर्ची परत हवी आहे,’ आलं. ‘मला.’

मी हाचियाला फोन लावला. “मागितली! तिच्या शब्दांत मागितली.”

“हां,” तो म्हणाला. “पाय डुगडुगतोय हिचा. पाचर मारून देतो. गाडी तिकडेच निघालीय, टाकतो तिच्यावर.”

बघा, असा आहे तो. मी आनंदाने कळवलं: ‘इसोबे-सान, खुर्ची निघाली. पायही पक्का करून येतोय.’ तिने आभार मानले, वाकून नमस्कार करणाऱ्या बाईचं चित्र पाठवलं. मी हुश्श केलं. आता खिडकी बंद करायची, एवढंच. माझं बोट बटणावर होतं.

‘तर…’

आणि ठिपके.

“आता काय राहिलं?” मी सेरिझावा-सानांकडे बघितलं. “वेळ विचारायची असेल. सांगून टाकू का, अर्ध्या तासात पोचेल म्हणून?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “सुरुवातीचा ‘अं’ वेगळा, नुकागा-सान. तेव्हा माणसाला शब्द सापडत नसतात. उत्तर मिळाल्यावर, मनासारखं मिळाल्यावरही ‘तर’ येतो, तेव्हा तो प्रश्नच दुसरा असतो. खुर्ची त्या खऱ्या प्रश्नापुढे आडोशासारखी ठेवलेली होती.”

“मग मी काय लिहू?”

“तिने जेवढं लिहिलं तेवढंच.”

मी लिहिलं: ‘तर…’

ठिपके हलले. कितीतरी वेळ हलले. मग आलं: ‘जाऊ दे. तुमचा फार वेळ घेतला. इतकं केलंत. माफ करा.’

हे ‘जाऊ दे’ मला ओळखीचं होतं. माझी आई दवाखान्यात डॉक्टरांसमोर हेच म्हणाली होती, आणि डॉक्टर ‘बरं’ म्हणून पुढच्या पेशंटकडे वळले होते. मी पण वळलेच होते की.

‘बरं,’ मी लिहिलं. ‘जाऊ दे तर जाऊ दे. पण मी खिडकी बंद करत नाही. खुर्ची येईपर्यंत तशीही माझी सोबत आहे. कचऱ्याचं नसलं तरी चालेल. शेवटापासून सांगितलंत तरी चालेल. काहीच नाही लिहिलंत तरी चालेल.’

आणि माझे हात मी मांडीखाली दाबून ठेवले. एक गृहस्थ पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत भाताच्या कुकरसाठी ओरडत होते, ते सेरिझावा-सानांनी मला न विचारता आपल्याकडे ओढून घेतले. बाहेर धुकं विरळ होत होतं. पुलाचे कठडे आधी दिसले, मग त्यावरून चाललेली माणसं, कमरेपर्यंत नुसतीच, पाय नसलेली. मी ‘थांबा’चं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

‘खुर्ची आली की ते बसतील,’ आलं.

मी काही लिहिलं नाही.

‘उद्याही बसतील.’

मग: ‘पण उद्या दुसरं काहीतरी होईल.’

मग बराच वेळ काहीच नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं, गेली. आणि एकदम, एका दमात लिहिल्यासारखं:

‘मला आता एकटीला जमत नाही. हे कुठे विचारतात? मला ठाऊक नाही म्हणून इथे विचारलं. कचऱ्याचा नंबर घरात चिकटवलेला होता.’

माझ्या डोळ्यांपुढचा पडदा धूसर झाला. रडू आलं, सरळ सांगते. घरात एक माणूस हळूहळू नाहीसा होत असताना या बाईने मदतीसाठी कुणाला हाक मारावी, तर भिंतीवर जो नंबर दिसला त्याला, गाद्या आणि कपाटं नेणाऱ्यांना. आणि मी तिला पुढच्या आठवड्याची तारीख देत होते!

सेरिझावा-सान तोवर तळमजल्यावर वृद्धांच्या देखभालीच्या कचेरीत फोन लावत होते. ते मला हळूच म्हणाले, “उएमात्सु-सान मोकळ्या आहेत. पण आधी तिला विचारा, घरी माणूस आलेला चालेल का. आणि नाही म्हणायला जागा ठेवा.”

मी लिहिलं: ‘हे इथेही विचारतात. तुम्ही बरोबर विचारलंत. आमच्याच इमारतीत उएमात्सु-सान म्हणून बाई आहेत, अशाच घरांसाठी. त्या आज खुर्चीबरोबर येऊ शकतात, किंवा दुसऱ्या दिवशी, किंवा आधी नुसतं फोनवर बोलतील. यातलं काहीच नको असेल तर तेही लिहा.’

यावेळी ठिपके हललेच नाहीत, उत्तर लगेच आलं.

‘आज.’

उएमात्सु-सान कोट घालत जिन्यातून पळत गेल्या. धुकं उठलं होतं, त्यामुळे पालिकेची निळी सायकल पुलावरून पार पलीकडच्या वळणापर्यंत जाताना मला दिसली.

दुपारी त्या परत आल्या, तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच ठेवून जिन्यातच उभी होते.

“बसले का हो?”

“बसले,” त्या म्हणाल्या. “गाडीवाल्याने खुर्ची त्या जागी ठेवली, त्यांनी हाताने चाचपली आणि बसले. नदीकडे बघत. काही झालंच नाही असे.” मग त्या हातमोजे काढत राहिल्या.

“आणि त्या?”

“त्यांना मी म्हटलं, तुम्हीही बसा ना. तर माझ्याकडे बघतच राहिल्या. नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, तशाच टेकल्या, आणि मग त्यांना उठताच येईना. पाय सुजून खांब झाले होते. सकाळपासून, नुकागा-सान, यजमानांच्या मागे एका हातात फोन आणि दुसरा हात पसरून त्याही उभ्याच होत्या.”